हंगाम संपल्यावरची बैठक

जिल्हा स्पर्धा संपते, उपविजेतेपदाची ढाल मुख्याध्यापकांच्या कपाटात जाते, संघाचा फोटो सूचनाफलकावर लागतो आणि शाळेतला खो-खो पुढच्या जूनपर्यंत थांबतो. मधल्या काळात दहावीच्या मुली शाळा सोडून गेलेल्या असतात. एखाद्या वर्षी क्रीडाशिक्षकांचीही बदली होते. नव्या वर्षी सराव सुरू होतो तेव्हा मागच्या वर्षी नेमके काय झाले होते, हे सांगणारा एकही कागद शाळेत नसतो. आठवणी मात्र असतात आणि त्या बहुतेक अंतिम सामन्याच्या शेवटच्या दोन मिनिटांच्या असतात.

हे टाळण्यासाठी सव्वा तासाची एक बैठक आणि चार कागद पुरतात. पहिला कागद हजेरीचा, दुसरा दुखापतींचा, तिसरा निकालांचा आणि चौथा पुढच्या वर्षीच्या बदलांचा. हा क्रम मुद्दाम असा ठेवला आहे. बहुतेक शाळांत चर्चा निकालापासून सुरू होते आणि निकालापाशीच संपते. कुणाचा पाय घसरला, पंचांनी काय दिले, खो कुणी चुकवला, यातच तास निघून जातो. हजेरी आणि दुखापती आधी पाहिल्या, तर निकालाकडे पाहताना त्यामागची कारणे समोर असतात.

हे चार कागद एकमेकांना कसे जोडलेले असतात, ते एका कल्पित संघावरून पाहू. समजा, तालुक्याच्या गावातल्या एका माध्यमिक शाळेचा १७ वर्षांखालील मुलींचा खो-खो संघ आहे. सरावाला १५ मुली. जुलै ते ऑक्टोबर या चार महिन्यांत ८० दिवस सराव झाला, रोज दीड तास. संघाने तालुका स्पर्धा जिंकली आणि जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात तो हरला. आकडे उदाहरणापुरते घेतले आहेत. त्यांमागची परिस्थिती मात्र ग्रामीण महाराष्ट्रातल्या कोणत्याही क्रीडाशिक्षकाच्या ओळखीची असेल.

हजेरीपासून सुरुवात करू. १५ मुली आणि ८० दिवस म्हणजे पूर्ण हजेरी १२०० भरली असती. प्रत्यक्षात भरली ९१२, म्हणजे ७६ टक्के. ‘तीन चतुर्थांश हजेरी, ठीक आहे’ असे म्हणून हा कागद बाजूला ठेवता येतो आणि बहुधा ठेवलाही जातो. पण महिन्यांप्रमाणे मांडल्यावर चित्र बदलते. जुलैत ९० टक्के, ऑगस्टमध्ये ८२, सप्टेंबरमध्ये ६६ आणि ऑक्टोबरमध्ये ६३. स्पर्धा जसजशा जवळ आल्या, तसतसे मैदान रिकामे होत गेले.

असे का झाले, हे कळायचे तर हजेरीपटात नुसती ‘ह’ आणि ‘गै’ पुरत नाही. गैरहजेरीपुढे कारणाचे एक अक्षर हवे: ‘अ’ म्हणजे अभ्यास, परीक्षा किंवा जादा तास, ‘प्र’ म्हणजे प्रवासाची अडचण, ‘श’ म्हणजे शेती किंवा घरकाम, ‘आ’ म्हणजे आजारपण, ‘दु’ म्हणजे दुखापत. मासिक पाळीचा त्रास असेल तर तोही ‘आ’मध्येच धरावा, वेगळे अक्षर ठेवले की मुलीला ते सगळ्यांदेखत सांगावे लागते आणि मग ती खोटे कारण देते. दुखापत झालेली मुलगी मैदानाच्या कडेला येऊन बसली, तर तिला ‘ह’ द्यायचा नाही. ती शाळेत हजर असते, पण सरावात नसते. हा फरक दुखापतींच्या कागदावर लागणार आहे.

कारणे लिहिली की हिशेब बोलू लागतो. या संघाच्या सप्टेंबर-ऑक्टोबरमधल्या गैरहजेऱ्या २०१. त्यांत अभ्यासाच्या ६४, प्रवासाच्या ५८, शेती-घरकामाच्या ३१, आजारपणाच्या २७ आणि दुखापतीच्या २१. सोयाबीनची काढणी याच दिवसांत येते, त्यामुळे ३१ चा आकडा समजण्यासारखा आहे. तो फारसा बदलताही येणार नाही. कोडे आहे ते प्रवासाचे. वाड्या-वस्त्यांवरून येणाऱ्या मुली जुलैतही त्याच एसटीने जात होत्या. मग सप्टेंबरमध्येच प्रवास आडवा का आला?

उत्तर शाळेच्या वेळापत्रकात सापडले. सप्टेंबरपासून दहावीचे जादा तास शाळा सुटल्यावर सुरू झाले. संघातल्या सहा मुली दहावीच्या, म्हणून त्यांच्यासाठी सराव अर्ध्या-पाऊण तासाने पुढे ढकलला गेला आणि संध्याकाळी साडेसहाला संपू लागला. शेवटची एसटी सहाची. म्हणजे दहावीच्या मुली तासामुळे चुकत होत्या, आणि त्यांच्यासाठी सराव पुढे नेल्यामुळे वाडीवरच्या आठवी-नववीच्या मुली चुकत होत्या. एकाच बदलाने दोन बाजूंनी हजेरी खाल्ली. ६४ आणि ५८ मिळून १२२ होतात, म्हणजे दर पाच गैरहजेऱ्यांमागे तीन. कारणांची अक्षरे नसती, तर हाच कागद ‘मुलींमध्ये पहिल्यासारखी चिकाटी राहिली नाही’ या शेऱ्यावर संपला असता.

दुसरा कागद दुखापतींचा. इथे पहिला प्रश्न, दुखापत म्हणायचे कशाला? खो-खोत गुडघे-कोपरे सोलवटणे रोजचेच. सूर मारणारी मुलगी ते मोजतही नाही. म्हणून नियम सोपा ठेवावा: ज्या इजेमुळे मुलीला पुढच्या सरावात पूर्ण भाग घेता आला नाही, ती दुखापत मोजायची. फुटबॉलमधल्या दुखापतींच्या अभ्यासकांनी २००६ मध्ये एकमताने काही व्याख्या ठरवल्या. त्यांत गांभीर्य ठरवायची साधी रीत आहे: किती दिवस खेळ बुडाला ते पाहायचे. एक ते तीन दिवस म्हणजे किरकोळ, चार ते सात सौम्य, आठ ते अठ्ठावीस मध्यम आणि त्यापुढे गंभीर. डॉक्टरी भाषा न येणाऱ्या शिक्षकालाही हे मोजता येते. एकच अपवाद हवा. डोक्याला मार लागून चक्कर आली, मळमळले किंवा मुलगी गोंधळल्यासारखी वागली, तर एकही दिवस बुडाला नसला तरी नोंद करायचीच. अशी मुलगी त्या दिवशी पुन्हा मैदानात उतरता कामा नये आणि तिला डॉक्टरांना दाखवायलाच हवे. दोन्ही टोकांना खांब रोवलेल्या खेळात ही शंका कधीही येऊ शकते.

एका दुखापतीची एक ओळ. उदाहरणार्थ: ‘१२ सप्टेंबर, सराव, उजवा घोटा मुरगळला, खांबाला वळसा घालताना, आधीही तोच घोटा: होय, ९ दिवस, आधीच्या दहा दिवसांत ४ सराव चुकले.’ ओळीतले शेवटचे दोन तपशील सहसा कुणी लिहीत नाही. पण एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा मुरगळण्याची शक्यता जास्त असते, आणि दुखापतीआधी मुलगी किती दिवस सरावाबाहेर होती हे नंतर कुणालाच आठवत नाही. बैठकीत वाचायच्या प्रतीवर मुलीचे नाव नसावे, क्रमांक असावा. नावांची प्रत क्रीडाशिक्षकांकडेच राहावी.

या संघात सरावातल्या अशा सात दुखापती झाल्या. जुलै-ऑगस्टमध्ये दोन, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पाच. वरवर पाहता अडीच पट. पण नंतरच्या दोन महिन्यांत मैदानावर मुलीच कमी होत्या, हे विसरून चालणार नाही. हजेरीचा कागद इथे कामाला येतो. प्रत्येक हजेरी म्हणजे दीड तासाचा खेळ. पहिल्या दोन महिन्यांत ५४३ हजेऱ्या, म्हणजे सुमारे ८१५ तास. त्यांत दोन दुखापती. हजार तासांचा दर काढला तर अडीच. नंतरच्या दोन महिन्यांत ३६९ हजेऱ्या, सुमारे ५५४ तास आणि पाच दुखापती. दर हजार तासांना नऊ. म्हणजे धोका साडेतीन पटींहूनही अधिक वाढला होता. सामन्यांतल्या दुखापतींचा हिशेब वेगळा मांडावा, कारण सामन्यातला एक तास सरावातल्या एका तासापेक्षा अंगावर जास्त येतो.

इथे थोडे थांबायला हवे. सात हा फार लहान आकडा आहे. एखादी दुखापत इकडची तिकडे झाली तर दर लगेच बदलतो. त्यामुळे या दराने काही सिद्ध होत नाही. कुठे पाहायचे एवढेच तो सांगतो. पाहायचे त्या पाच ओळींकडे. पाचांपैकी चार मुली आठवडाभर किंवा त्याहून जास्त खंड पडून परतल्या होत्या आणि परतल्याच्या पहिल्या-दुसऱ्या दिवशीच पूर्ण वेगाने सरावात उतरल्या होत्या. दोघींचा घोटा खांबाशी वळताना गेला. दोघींच्या मांडीमागचा स्नायू अचानक वेग घेताना ताणला गेला. स्पर्धा तोंडावर आलेली असते, बुडालेले दिवस भरून काढायची घाई शिक्षकांनाही असते आणि मुलींनाही. दोष कुणाचाच नसतो, पण त्याची किंमत मुलीच्या पायाला मोजावी लागते.

आता निकाल. सात सामने, सहा विजय. अंतिम सामना १६-१८ असा गेला. एवढेच लिहिले तर ‘दोन गुणांनी हुकले’ यापलीकडे काही कळत नाही. पण खो-खोची गुणपत्रिका फार बोलकी असते. प्रत्येक संरक्षक खेळाडू किती मिनिटे-सेकंद टिकली आणि तिला कुणी टिपले, याची नोंद तिच्यात असते. ‘अमुकने २.१० मिनिटे संरक्षण केले आणि तीन गडी टिपले’ अशा मराठी वर्तमानपत्रांतल्या बातम्या तिच्यावरूनच लिहिल्या जातात. सामना संपताच तिची प्रत मिळवावी; निदान फोटो तरी काढावा. शाळेतली एखादी राखीव खेळाडू कडेला बसून आणखी एक गोष्ट टिपू शकते: आपली मुलगी बाद कशी झाली. सुरात, खांबाशी, साखळी खेळताना साध्या स्पर्शाने की स्वतःच मैदानाबाहेर गेल्यामुळे.

अंतिम सामना या नजरेने पाहू. मध्यंतराला ९-९ अशी बरोबरी. दुसऱ्या डावात संघाने सात गडी टिपले आणि नऊ गमावले. संरक्षणाला तीन-तीन मुलींच्या तुकड्या उतरतात. पहिल्या डावात पहिली तुकडी ३ मिनिटे १० सेकंद टिकली होती. दुसऱ्या डावात त्याच तिघी १ मिनिट ४० सेकंदांत बाद झाल्या. सामना गेला तो इथेच. कुणी म्हणेल, दडपण आले. कुणी म्हणेल, समोरच्या संघाने त्यांचा खेळ ओळखला. दोन्ही शक्य आहे, म्हणून बाकीच्या गुणपत्रिका उघडून पाहायच्या. तालुक्याच्या अंतिम सामन्यातही हीच तुकडी पहिल्या डावात साडेतीन मिनिटे आणि दुसऱ्या डावात २ मिनिटे १० सेकंद टिकली होती. तो सामना जिंकल्यामुळे तिकडे कुणी पाहिलेच नाही. उरलेल्या पाच सामन्यांत दोन डावांमधला फरक २५ सेकंदांच्या वर कधी गेला नाही. या दोन सामन्यांत समान काय होते? दोन्ही दिवशी सकाळी उपांत्य आणि दुपारी अंतिम सामना होता. म्हणजे दुपारचा दुसरा डाव हा या तिघींचा त्या दिवसातला चौथा संरक्षणाचा डाव होता.

मग त्यांच्याऐवजी दुसरी तुकडी आधी का उतरवली नाही? हा प्रश्न बैठकीत क्रीडाशिक्षकांना विचारला जाईल आणि त्यांचे उत्तर प्रामाणिक असेल: दुसऱ्या कुणावर भरवसा नव्हता. उरलेल्या नऊ जणींपैकी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ७० टक्क्यांहून जास्त हजेरी फक्त दोघींची होती. बाकीच्यांचा संरक्षणाचा सराव पुरता झालाच नव्हता, म्हणून सातही सामन्यांत पहिली तुकडी तीच राहिली. इथे तिन्ही कागद एका जागी येतात. सराव अर्धा तास पुढे गेला, हजेरी घसरली, खंड पडून परतलेल्या मुली जायबंदी झाल्या, भरवशाच्या मुली तिघीच उरल्या आणि दिवसातल्या चौथ्या डावात त्या दमल्या. अंतिम सामन्यातले दोन गुण एसटीच्या वेळेपर्यंत मागे नेता येतात.

अर्थात ही साखळी जितकी सरळ दिसते तितकी पक्की नसते. दिवसात दोन सामने झाल्याची उदाहरणे दोनच आहेत आणि समोरचा संघही दोन्ही वेळा तगडा होता. म्हणून इतिवृत्तात ‘हरण्याचे कारण थकवा’ असे न लिहिता ‘थकवा हे संभाव्य कारण, पुढच्या वर्षी तपासावे’ असे लिहावे. पुढच्या वर्षीचा क्रीडाशिक्षक वेगळा असेल, तर त्याला या एका शब्दाचा उपयोग होईल.

बैठकीला कोण असावे? मुख्याध्यापक हवेतच, कारण वेळापत्रक त्यांच्या हातात असते. क्रीडाशिक्षक, दहावीचे वर्गशिक्षक, कर्णधार, पुढच्या वर्षी राहणाऱ्या दोन मुली आणि वाडीवरचे एक पालक. बैठक क्रीडाशिक्षकांनी चालवू नये. ज्याच्या कामाचा आढावा आहे, त्यानेच बोलणाऱ्यांना वेळ वाटून द्यायचा हे बरे नाही. एखाद्या विज्ञानाच्या किंवा गणिताच्या बाईंनी चालवावी, म्हणजे आकड्यांकडेही लक्ष राहते. कागद दोन दिवस आधी सगळ्यांच्या हाती पडावेत. मुली सर आणि पालकांसमोर बोलत नाहीत, त्यामुळे सगळ्या पंधराजणींकडून आधीच निनावी चिठ्ठ्या घ्याव्यात. त्यात दोनच प्रश्न: सरावाला यायला सगळ्यात जास्त अडचण कशाची झाली, आणि दुखत असूनही न सांगता खेळलीस का? दुसऱ्या प्रश्नाला तीन-चार ‘हो’ आले, तर दुखापतींचा कागद अपुरा आहे असे समजावे. बैठकीत या चिठ्ठ्या सगळ्यात आधी वाचाव्यात.

वेळ वाटताना हजेरीला वीस मिनिटे, दुखापतींना पंधरा, निकालांना पंधरा आणि पुढच्या वर्षाला पंचवीस मिनिटे द्यावीत. शेवटचा सामना झाल्यावर दोन आठवड्यांच्या आत बैठक व्हावी. पराभवाचा सल थोडा ओसरलेला असतो आणि तपशील अजून विसरलेले नसतात.

चौथ्या कागदाची सुरुवात जन्मतारखांनी होते. पुढच्या वर्षी कोण वयात बसते आणि कोण शाळेत राहते? या संघातल्या सहा दहावीच्या मुली जाणार, नऊ राहणार. पहिल्या तुकडीतल्या दोघी जाणाऱ्यांत असतील, तर संरक्षणाची फळी नव्याने उभी करावी लागेल, आणि ते काम जुलैपर्यंत थांबवता येणार नाही. त्यानंतर निर्णय. ते तीनपेक्षा जास्त नसावेत. दहा ठराव करणाऱ्या शाळेत जूनपर्यंत एकही उरत नाही, हा अनुभव सार्वत्रिक आहे. प्रत्येक निर्णयापुढे चार गोष्टी लिहायच्या: काय करायचे, कोण करणार, कधीपर्यंत आणि झाले की नाही हे कशावरून कळणार.

या संघाचा पहिला निर्णय असा: सप्टेंबरपासून आठवड्यातले तीन दिवस दहावीचे जादा तास सकाळी शाळा भरण्यापूर्वी घ्यायचे आणि त्या दिवशी सराव साडेपाचला संपवायचा. जबाबदारी मुख्याध्यापकांची, वेळापत्रक जूनच्या पहिल्या आठवड्यात. कसोटी: सप्टेंबरच्या हजेरीत ‘अ’ आणि ‘प्र’ मिळून निम्म्यावर येतात का? सकाळी लवकर येणे वाडीवरच्या दहावीच्या मुलींना जमेल का, हे पालकांना तिथेच विचारायचे. नाही जमले, तर तासांचे दिवस आणि सरावाचे दिवस वेगळे करायचे.

दुसरा निर्णय परतणाऱ्या मुलींचा. आठवड्याहून जास्त खंड पडला, तर पहिले दोन दिवस हलके धावणे, पाटीवर बसणे-उठणे आणि खो देणे एवढेच. तिसऱ्या दिवशी नागमोडी धावणे आणि खांबाशी वळणे, तेही निम्म्या वेगाने. सूर आणि पूर्ण वेगाचा पाठलाग पाचव्या दिवसापासून. घोटा दुखावलेल्या मुलीने त्याआधी त्या एका पायावर दहा उड्या न दुखता मारून दाखवायच्या. स्पर्धा परवावर आली असली तरी सूट नाही. या कामी क्रीडाशिक्षकांबरोबर कर्णधारालाही अधिकार द्यावा, कारण घाईच्या दिवसांत नियम आधी शिक्षकच मोडतात.

तिसरा निर्णय तुकड्यांचा. ऑगस्टपासून दर पंधरवड्याला एका शनिवारी सकाळी आणि दुपारी असे दोन पूर्ण सामने आपसात खेळायचे आणि चारही डावांत तुकड्यांचा क्रम बदलायचा. प्रत्येक मुलीची वेळ वहीत लिहायची. ऑगस्टअखेर किमान सहा मुलींचा दिवसातला चौथा डाव पहिल्या डावाच्या तीन चतुर्थांश वेळेइतका टिकला, तर तालुका स्पर्धेत दोन तुकड्या आलटून पालटून पहिल्या उतरवता येतील. नाही टिकला, तर थकव्याचा अंदाज बरोबर होता, पण उपाय अपुरा पडला, असे समजायचे.

इतिवृत्ताची एक प्रत शाळेच्या दप्तरात आणि एक क्रीडासाहित्याच्या कपाटात, दाराच्या आतल्या बाजूला लावलेली. जूनमध्ये नव्या संघाच्या पहिल्या बैठकीत ती वाचायची आणि ऑगस्टच्या अखेरीस तिन्ही निर्णयांपुढे ‘झाले’, ‘अर्धवट’ किंवा ‘नाही’ असे लिहायचे. ‘नाही’ लिहिले, तर कारणही त्याच ओळीत, हजेरीपटातल्यासारखे एका अक्षरात न उरकता पूर्ण वाक्यात लिहायचे.